रिफंडचं पत्र आणि त्यातली एक रिकामी ओळ

मी कोल्हापूरात इंटिरियर डेकोरेशनची कामं करते, एकटीच, मोठं ऑफिस वगैरे काही नाही. क्लायंट बिल देताना १० टक्के टीडीएस कापतात आणि वर्षाच्या शेवटी टॅक्स काहीच बसत नाही म्हणून तो सगळा परत मागायचा असतो. दरवर्षी यायचा, ऑगस्ट सप्टेंबरपर्यंत. एका वर्षाचा आला नाही आणि त्यासाठी जे पत्र लिहिलं त्याची ही हकीकत. पत्र मी एकूण चार वेळा लिहिलं, आणि तिसऱ्या वेळेला लक्षात आलं की रिफंड का अडकला ते पत्रच सांगत होतं.

आधी आकडे सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात माझी बिलं ६ लाख ८० हजारांची झाली. टीडीएस कापला गेला ६८,०००. आमच्यासारख्यांना ४४एडीए कलमाखाली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, म्हणजे ३ लाख ४० हजार, आणि तेव्हाच्या ५ लाखांच्या मर्यादेत असल्यामुळे ८७ए च्या रिबेटनंतर टॅक्स शून्य. म्हणजे ६८,००० पूर्ण परत. रिटर्न २७ जुलै २०२३ ला भरला, मुदत ३१ जुलै होती. पण त्यावेळी एका क्लायंटचा १२,००० चा टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसच्या सरकारी यादीत, दिसतच नव्हता, त्यांनी त्यांचं स्टेटमेंट उशिरा दुरुस्त केलं, म्हणून मी आधी ५६,००० चाच रिफंड मागितला आणि मग १९ ऑगस्टला रिवाइज्ड रिटर्न भरून ६८,००० केला. हे दोन रिटर्न लक्षात ठेवा, पुढे यावरूनच घोळ झाला.

ऑक्टोबरात १४३(१) ची इंटिमेशन आली, म्हणजे रिटर्न तपासून किती रिफंड निघतो ते कळवणारं पत्र. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, आपला पॅन लहान अक्षरात आणि त्याला जोडून जन्मतारीख. उघडलं तर ६८,००० अधिक २,३८० व्याज, एकूण ७०,३८० रिफंड असं लिहिलेलं. मी निश्चिंत झाले. दिवाळी गेली, डिसेंबर गेला, पैसे नाहीत. जानेवारीत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन केलं तेव्हा स्टेटस दिसलं `Refund failed`. आमच्या बँकेचं मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं, आयएफएससी बदलला होता, मी रिटर्नमधे जुनाच टाकलेला. तसं कळवणारा ईमेलही आला असणार पण प्रोफाइलमधे ईमेल माझा नव्हता, जे माझा रिटर्न भरून देतात त्यांचा होता. तो पहिल्यांदा बदलला.

मग `My Bank Account` मधे जाऊन नवीन आयएफएससी टाकला, खातं व्हॅलिडेट झालं, रिफंडसाठी नॉमिनेट केलं, आणि नंतर `Services` मधे `Refund Reissue` मधेही गेले, वर्ष निवडलं, खातं निवडलं, ओटीपी टाकला. मला वाटलं झालं. फेब्रुवारी गेला, मार्च आला, काही नाही.

तेव्हा पहिलं पत्र लिहिलं, म्हणजे पोर्टलवर `Grievances` मधे तक्रार टाकली. आता वाचते तेव्हा वाटतं की यात माझी सगळी घालमेल आहे पण कामाचं काही नाही. असं होतं:

"माननीय महोदय, मी एक छोटी व्यावसायिक महिला असून माझा २०२२-२३ चा रिफंड आजपर्यंत मिळालेला नाही. मी अनेक महिन्यांपासून वाट बघत आहे. मी वेळेवर रिटर्न भरला होता. मुलीच्या फीचे दिवस आहेत, या पैशांवर खूप काही अवलंबून आहे. वारंवार पोर्टल बघूनही काही कळत नाही. कृपया लवकरात लवकर १२ टक्के व्याजासह रिफंड द्यावा ही नम्र विनंती."

आठ दिवसांत तक्रार बंद झाली, उत्तर असं की असेसमेंट इयर २०२२-२३ चा रिफंड ४१,००० आधीच जमा झालेला आहे. आणि ते खरं होतं! मागच्या वर्षीचे ४१,००० मला मिळालेच होते. मी लिहिलेलं २०२२-२३ हे माझ्या डोक्यात कमाईचं वर्ष होतं, फायनान्शियल इयर. त्या ऑफिसात २०२२-२३ म्हणलं की असेसमेंट इयर समजतात, म्हणजे त्याच्या आधीच्या वर्षाची कमाई. माझं वर्ष होतं असेसमेंट इयर २०२३-२४. एका आकड्याने चुकीच्या फाईलवर उत्तर आलं, आणि तसं उत्तर देणाऱ्याची त्यात काही चूक नाही, त्याला मी दिलेलं वर्ष त्याने बघितलं.

दुसरं पत्र मी रागात लिहिलं, वर्ष दुरुस्त करून, आणि रिटर्नचा अॅकनॉलेजमेंट नंबर टाकून. ते पाठवायच्या आधी आमच्या शेजारच्या काकांना दाखवायचं ठरवलं. काका इन्कम टॅक्समधून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेत, आता संध्याकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांनी चष्मा लावला, पत्र एकदा वाचलं आणि खिशातला लाल पेन काढला. मी जवळजवळ रडायच्या बेतात होते कारण मुलीची फी खरंच भरायची होती, पण त्यांनी फीच्या ओळीवरच पहिली रेघ मारली.

म्हणाले, "अगं, फी खरी आहे, मला माहिती आहे. पण हे वाचणारा माणूस बेंगळुरूत बसलाय, त्याच्यासमोर पोर्टलचा स्क्रीन आहे, त्याला तुझं वर्ष आणि नंबर टाकायचाय. पहिल्या दोन ओळीत ते मिळालं नाही तर तो पुढची ओळ वाचतो असं धरून चालू नको."

मग नंबर बघितला. म्हणाले हा नंबर कुठून घेतलास? मी म्हणलं अॅकनॉलेजमेंटची प्रिंट आहे ना, त्यावरून. त्यांनी शेवटचे सहा आकडे मोठ्याने वाचले, दोन सात, शून्य सात, दोन तीन. "हा २७ जुलैचा. तुझा रिफंड कुठल्या रिटर्नवर निघालाय?" मी म्हणलं रिवाइज्ड. "मग हा नंबर कशाला?"

हे मला माहितीच नव्हतं. आयटीआरचा अॅकनॉलेजमेंट नंबर १५ आकडी असतो आणि शेवटचे सहा आकडे बहुतेक भरल्याची तारीख असते, दिवस महिना वर्ष. माझ्या रिवाइज्डचा नंबर १९०८२३ ने संपत होता. मी पत्रात ओरिजिनलचा टाकला होता, ज्यात रिफंड ५६,००० मागितलेला, आणि खाली लिहिलं होतं की ६८,००० मिळाले पाहिजेत. वाचणाऱ्याला वाटलं असतं की ही बाई ५६ चे ६८ कशी करतीये. रिवाइज्ड भरल्यावर जुना रिटर्न मागे पडतो, प्रक्रिया नवीन नंबरावर होते, आणि इंटिमेशनवरही तोच नंबर छापलेला असतो. काका म्हणाले कुठलाही नंबर प्रिंटवरून घेऊ नको, इंटिमेशन समोर ठेव आणि त्यावरचे आकडे उतरव, म्हणजे त्यांच्याकडचा कागद आणि तुझा कागद एकच होईल. दोन रिटर्न आहेत का नाही ते बघायला `e-File` मधे `Income Tax Returns` आणि त्यात `View Filed Returns`, तिथे प्रत्येक वर्षाखाली सगळे भरलेले रिटर्न दिसतात.

तिसरी रेघ १२ टक्के व्याजावर. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. काकांनी सांगितलं की रिफंडवर व्याज २४४ए कलमाने मिळतं आणि ते महिन्याला अर्धा टक्का आहे, म्हणजे वर्षाला सहा. मुदतीत रिटर्न भरला असेल तर टीडीएसच्या रिफंडवर असेसमेंट इयरच्या १ एप्रिलपासून मोजतात, अर्धवट महिना पूर्ण धरतात. मुदतीनंतर भरला तर भरल्याच्या तारखेपासून. ६८,००० चा अर्धा टक्का ३४०. एप्रिल २०२३ ते ऑक्टोबर २०२३ सात महिने, ३४० गुणिले ७, २,३८०. इंटिमेशनवरचा आकडा तोच होता. म्हणजे व्याज धरलेलं होतं, मी मागायची गरजच नव्हती.

मग मी विचारलं ऑक्टोबरनंतरचं पण मागू का, इतके महिने अडकलंय. ते जरा थांबले आणि म्हणाले मागू नको. बँकेचा आयएफएससी चुकीचा होता आणि तो तूच दिलेला, करदात्यामुळे उशीर झाला असेल तर तेवढा काळ व्याजातून वगळता येतो असं त्याच कलमात आहे. "तुझा मुद्दा पैसे सुटण्याचा आहे, त्यात वादाचा मुद्दा घालशील तर वादाचंच उत्तर येईल." मला हे पटलं, आणि आजही पटतं. दोन तीन हजारांसाठी ७० हजार लांबवायचे का.

आता मुख्य गोष्ट. काकांनी तिसऱ्या पत्रासाठी कोऱ्या कागदावर रकाने पाडले आणि म्हणाले भर. पॅन. असेसमेंट इयर. रिटर्नचा प्रकार आणि अॅकनॉलेजमेंट नंबर, भरल्याची तारीख, ई-व्हेरिफाय केल्याची तारीख. इंटिमेशनची तारीख आणि रिफंडची रक्कम. रिफंड फेल झाल्याचा शेरा. नवीन खातं व्हॅलिडेट झाल्याची तारीख. रिफंड रिइश्यू रिक्वेस्टची तारीख आणि ट्रान्झॅक्शन नंबर.

मी भराभर भरत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. ट्रान्झॅक्शन नंबर माझ्याकडे नव्हता. आठवत होतं की ओटीपी टाकला होता, पण स्क्रीन कशी संपली ते आठवेना. मोबाईलवर पोर्टल उघडलं, `Services`, `Refund Reissue`, आणि यादी रिकामी. काहीच नव्हतं. जानेवारीत मी जो ओटीपी टाकला तो खातं व्हॅलिडेट करायचा होता, रिइश्यूच्या स्क्रीनवर खातं निवडून मी पुढे व्हेरिफिकेशनपर्यंत गेलेच नसावे, किंवा गेले आणि मधेच सेशन संपलं. विनंती सबमिटच झालेली नव्हती. म्हणजे मी जी गोष्ट मागितलीच नाही तिच्यासाठी पाच महिने वाट बघत होते.

मला अगदी गदगदून आलं. काका काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा सांगून आले.

त्या संध्याकाळी, ११ जून २०२४, त्यांच्यासमोरच रिक्वेस्ट टाकली. वर्ष निवडलं, खातं निवडलं, `Proceed to Verification`, आधार ओटीपी, आणि शेवटी हिरव्या खुणेसकट ट्रान्झॅक्शन आयडी आला. तो मी लगेच वहीत उतरवला आणि स्क्रीनचा फोटोही काढला. काकांनी तेव्हाच सांगितलं की आता पत्र लगेच पाठवू नको, तीन चार आठवडे जाऊ देत, कारण काल टाकलेल्या रिक्वेस्टवर आज तक्रार केली तर "प्रक्रिया चालू आहे" असं उत्तर देऊन ती बंद होते आणि मग पुन्हा नव्याने उघडावी लागते.

मधल्या काळात चौथं पत्र तयार झालं. मी मराठीत लिहिलं कारण मला मराठीत लिहिलं की काय म्हणायचंय ते स्पष्ट होतं. तसं घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रार आपल्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेतही देता येते, हेही काकांनीच सांगितलं. इथल्या आयकर ऑफिसात प्रत्यक्ष द्यायची प्रत मराठीच ठेवली. पोर्टलवर बेंगळुरूच्या सीपीसीसाठी, म्हणजे जिथे रिटर्न आणि रिफंडचं काम होतं त्या केंद्रासाठी, तोच मजकूर इंग्रजीत टाकला, वाचणारा कुठलाही असू शकतो म्हणून. नंबर मी इथे लपवलेत, बाकी जसंच्या तसं:

"विषय: असेसमेंट इयर २०२३-२४ चा रु. ७०,३८० चा रिफंड, बँक तपशील चुकल्यामुळे परत गेलेला, पुन्हा जारी करण्याबाबत. पॅन: (पूर्ण). अॅकनॉलेजमेंट नंबर: (१५ आकडी), रिवाइज्ड रिटर्न, आयटीआर-४, दिनांक १९/०८/२०२३, त्याच दिवशी ई-व्हेरिफाय.

महोदय, वरील रिटर्नवर कलम १४३(१) ची इंटिमेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली व त्यात व्याजासह रु. ७०,३८० रिफंड निश्चित झाला. माझ्या बँकेचा आयएफएससी बदलल्यामुळे रिफंड खात्यात जमा झाला नाही. नवीन तपशील पोर्टलवर व्हॅलिडेट केला असून खात्याचे शेवटचे चार आकडे (....) आहेत. दिनांक ११/०६/२०२४ रोजी रिफंड रिइश्यू विनंती केली, ट्रान्झॅक्शन आयडी (....). आजपर्यंत रक्कम जमा नाही. कृपया विनंतीची सद्यस्थिती कळवावी व रिफंड जारी करावा. माझ्या मार्चमधील तक्रारीत वर्ष चुकून २०२२-२३ लिहिले होते, ती तक्रार या विषयाशी जोडू नये. सोबत: इंटिमेशन, रिटर्नची पोच, रिइश्यू विनंतीचा स्क्रीनशॉट."

शेवटचं "वर्ष चुकून लिहिले होते" हे वाक्य घालायला मी तयार नव्हते. वाटत होतं स्वतःहून चूक का दाखवायची. काका म्हणाले तो माणूस जुनी तक्रार बघणारच, पॅनवर सगळं दिसतं, आणि दोन वेगळी वर्षं बघून गोंधळून परत मागच्या वर्षाचंच उत्तर चिकटवेल. एक ओळ लिहिलीस तर तो रस्ता बंद होतो. आणखी एक गोष्ट त्यांनी काढून टाकायला लावली, मी खात्याचा पूर्ण नंबर लिहिला होता. पोर्टलवर खातं आधीच आहे, कागदावर पूर्ण नंबर फिरवू नको, चार आकडे पुरेत. ओटीपी आणि पासवर्ड तर कुणालाच नाही, पत्रात काय आणि फोनवर काय, कारण रिफंड देतो म्हणून खोटे मेसेज येतात. खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा नंबर असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो.

८ जुलैला पोर्टलवर तक्रार टाकली आणि त्याच दिवशी छापील प्रत इथल्या आयकर ऑफिसच्या सेवा केंद्राच्या खिडकीत दिली. खिडकीत दोन प्रती न्यायच्या, एक त्यांच्याकडे राहते आणि दुसरीवर शिक्का आणि पोच नंबर मारून देतात, तो नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. तिथल्या बाईंनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की रिफंड इथून सुटत नाही, सीपीसीकडून स्टेट बँकेमार्फत जातो, आम्ही फार तर नोंद पुढे पाठवू. मला ते चांगलं वाटलं, कारण मग मी तिथे दर आठवड्याला हेलपाटे मारत बसले नाही. जुनी डिमांड असेल, म्हणजे कुठल्यातरी मागच्या वर्षाचा टॅक्स बाकी दाखवत असेल आणि रिफंड त्यात वळता होतोय असं आलं असेल, तर मात्र वेगळं. तेव्हा कलम २४५ ची नोटीस येते, २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि स्थानिक अधिकाऱ्याकडे जाणं खरंच उपयोगी पडतं. माझ्यावर तशी काही बाकी नव्हती, पण आमच्या एका सुतारकाम करणाऱ्याचं तसं निघालं आणि त्याने माझंच पत्र धरून पाठवलं, त्याला सांगावं लागलं की तुझं पत्रच वेगळं असलं पाहिजे.

१६ जुलैला उत्तर आलं, यावेळी बरोबर वर्षाचं, की रिइश्यू विनंती मंजूर आहे आणि रिफंड बँकेकडे पाठवला आहे. २४ जुलैला सकाळी मी एका फ्लॅटमधे लॅमिनेटचे शेड बघत होते तेव्हा मेसेज आला, ७०,३८० जमा. पत्रामुळे आला की नुसत्या ११ जूनच्या रिक्वेस्टमुळे, ते मला सांगता येणार नाही, रिक्वेस्ट तशीही चालूच होती. पण रिक्वेस्टच नाही हे मला त्या रकान्यांमुळे कळलं एवढं नक्की.

मी तिथूनच काकांना फोन केला. ते म्हणाले आकडा सांग. मी सांगितला. थोडा वेळ फोनवर कागदाचा आवाज आला, मग म्हणाले, "तीनशे चाळीस सत्ते तेवीसशे ऐंशी, वरती अडुसष्ट हजार. बरोबर आहे. आणि हे २,३८० यंदाच्या उत्पन्नात धर, पोर्टलवर एआयएस च्या यादीत दिसेल, विसरू नको."